बाराच्या उन्हातला फोटो

लग्नाच्या फोटोग्राफरला सगळ्यात जास्त त्रास कोण देतं, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, नवरीचा मामा. नवरी बिचारी घाबरलेली असते आणि नवरा शूजकडे बघत असतो. आई रडत असते, बाप असला तर आचाऱ्यामागे धावत असतो. मोकळा असतो तो मामा. आणि मामाला उजेडातलं सगळं कळतं.

पायलच्या मामाचं नाव पंजाबराव. विधी संपून पाच मिनिटंही झाली नव्हती. मी मांडवाच्या खांबाला टेकून पाणी पीत होते, तेवढ्यात ते आलेच. "मॅडम, इथं काय अंधारात उभ्या राह्यल्या? बाहेर पाहा, केवढा उजेड पडला हाय! सगळ्याइले बाहेर काढा न उन्हात. फोटो ठळक येते."

मे महिन्याची वीस तारीख होती. वणीपासून बारा किलोमीटरवरचं गाव, आणि वेळ बारा वाजून काही मिनिटं. आमच्याकडे या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. माणसाची सावली पायाखाली शिरते आणि तिथेच दडून बसते. सकाळी-संध्याकाळी ऊन वाईट वाटलं तर माणसाला पाठमोरं करता येतं, ऊन मागून येतं, चेहरा सावलीत राहतो. डोक्यावरच्या सूर्याला पाठ कशी करणार? कपाळ चकाकतं, नाकाखाली काळी मिशी उगवते आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. त्यात आमची बौद्धांची लग्नं पांढऱ्या कपड्यांत लागतात. नवरीची साडी पांढरी, आईची पांढरी, मावशीची पांढरी, आणि चेहरे मात्र वणीच्या उन्हात राबणाऱ्या माणसांचे. साडी नीट आणायला जावं तर चेहरा काळा पडतो, चेहरा नीट आणायला जावं तर साडीचा नुसता चुना होतो. हे मी पंजाबरावांना सकाळपासून तीनदा समजावलं होतं.

"मग फ्लॅश मारा न," ते म्हणाले.

फ्लॅश विधीच्या वेळी इतक्या वेळा मारला होता की तापून बंद पडला होता. तो पिशवीत रुसून बसला होता, आणि तो चालू असता तरी घामेजलेल्या गालांवर मारून मला काही साधायचं नव्हतं. पण हे मामांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी नुसतं "बरं" म्हटलं. आमच्या धंद्यात "बरं" हा फार उपयोगी शब्द आहे.

खरं सांगायचं तर बाकीच्या फोटोंची मला काळजी नव्हती. पाहुण्यांचे घोळके मी मांडवाशेजारच्या बुद्धविहाराच्या उत्तरेकडच्या ओसरीत उभे करून काढले होते. तिथे ऊन येत नव्हतं, समोरच्या मोकळ्या अंगणातून मऊ उजेड येत होता, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आले होते. मांडवात काढलेले मात्र सगळे गुलाबी झाले होते. मांडववाल्याने वर गुलाबी कापड ताणलं होतं, त्यातून गाळून आलेल्या उजेडात नवरदेव संघदीपसुद्धा गुलालात लोळून आल्यासारखा दिसत होता. ते मी स्टुडिओत बसून सरळ करणार होते. माझा जीव अडकला होता तो एकाच फोटोत.

पायलची आई कांताबाई महिन्याभरापूर्वी ऑर्डर द्यायला स्टुडिओत आल्या होत्या. आमचा स्टुडिओ जुना, माझ्या बाबांचा, किसनरावांचा. बाबा गेल्यावर मी आणि माझा भाऊ कपिल तो चालवतो. कांताबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. त्यांच्याच लग्नातला, सत्त्याण्णव सालचा. निळ्या भिंतीच्या घराचं दार आणि दारासमोर दोघं उभी. पांढरं पातळ दिसत होतं, पांढरा सदरा दिसत होता, आणि वर दोन काळे ठिपके. नाक नाही, डोळे नाहीत. मागच्या बाजूला आमच्या स्टुडिओचा शिक्का होता.

"तुमच्याच बाबानं काढला होता," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार अजिबात नव्हती, आणि तेच मला झोंबलं. "भर दुपारी. तवाही घाईच होती. पातळ दिसते, मी नाई दिसत. तेही नाई दिसत."

'ते' म्हणजे त्यांचे मालक. ते बारा वर्षांपूर्वी आजारपणात गेले. दोघांचा मिळून हा एकच फोटो. दुसरा त्यांचा एकट्याचा, ओळखपत्रावरचा, पुसट झालेला. पायल तेव्हा दहा वर्षांची होती.

"मले काई अल्बम-बिल्बम नको," कांताबाई म्हणाल्या, "अल्बम मामा घेते. मले फक्त याच दारात पोरीसंग एक फोटो पायजे. तोंड दिसन असा."

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला वाटलं होतं की फोटो संध्याकाळी काढू, ऊन उतरल्यावर, सोन्यासारखा उजेड असतो तेव्हा. पण वरात पुसदची. दोनशे किलोमीटर. बसचा ड्रायव्हर पूनमसिंग आदल्या दिवशीच फोन करून बजावून मोकळा झाला होता, "मॅडम, एक वाजता गाडी हालवतो. रात्री पुसदले दुसरी वरात उचलायची हाय." म्हणजे फोटो बारा ते एकच्या मध्येच. दार दक्षिणेला. अंगणात झाड एक, कडुनिंबाचं, त्याच्याखाली आचाऱ्याची भट्टी. आणि नसती तरी उपयोग नव्हता, पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे पांढऱ्या साडीवर आणि चेहऱ्यावर नाचले असते.

म्हणून मी तयारी करून आले होते. पांढऱ्या पातळ कापडाचा मोठा चौकोनी पडदा, चार बांबू, आणि घडी घालता येणारा गोल रिफ्लेक्टर, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने चंदेरी. पडदा माणसांच्या डोक्यावर धरला की ऊन त्यातून फुटून सगळीकडून मऊ येतं. खालून रिफ्लेक्टरने थोडा उजेड वर टाकला की डोळ्यांतले खड्डे भरतात. सोपं काम. दहा मिनिटांचं.

"कपिल, पडदा काढ," मी म्हटलं.

कपिल गाडीपाशी गेला, मांडवात गेला, परत आला. "ताई, पडदा दिसून नाई राह्यला."

"दिसून नाई राह्यला म्हणजे? सकाळी तूच उतरवला न?"

"उतरवला. इथंच ठेवला होता, पाण्याच्या डब्याजवळ."

पाण्याच्या डब्याजवळ. आम्ही दोघं धावत गेलो. पाण्याच्या मोठ्या डब्याशेजारी बर्फाची लादी ठेवलेली होती, आणि ती लादी एका छान, स्वच्छ, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती. वरून लाकडाचा भुसा टाकला होता. एक जण टोच्याने कापडासकट लादी फोडत होता.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्याने टोचा खाली टाकला.

मागून पंजाबराव आले. "काहून वो मॅडम? काय झालं?"

"मामा, हे कापड कोणी घेतलं?"

"म्यानं देल्लं. बर्फ पोत्यात आला होता. घाण पोतं. पुसदचे पाहुणे हायत, त्याइले पोत्यातला बर्फ कसा द्याचा? हे कापड पडलंच होतं रिकामं. धुवून देतो न मी!"

कापड उलगडून उन्हात धरलं तर ओलं झाल्यामुळे ते काचेसारखं झालं होतं, ऊन सरळ आरपार येत होतं. वाळायला दहा मिनिटं पुरली असती, पण टोच्याने पडलेली पंधरा-वीस भोकं कशी वाळवणार? भोकाभोकातून उन्हाचा एकेक ठिपका खाली जमिनीवर पडला होता. तसे ठिपके आता पायलच्या गालावर पडले असते. आईला तोंड दिसायला हवं होतं, देवीचे व्रण नाही.

"एवढं काय त्यात," पंजाबराव म्हणाले. "बिना कापडाचा काढा. आपल्या आजावर कोणी कापड धरलं होतं?"

मला बाबांचा आवाज ऐकू आला. बाबासुद्धा असंच म्हणायचे, उन्हात काढला की फोटो ठळक येतो. जन्मभर म्हणत राहिले. गावोगावी अशा ठळक फोटोंत किती चेहरे काळे होऊन बसले असतील याचा हिशेब मी कधी केला नाही, कारण मला भीती वाटते.

"रिफ्लेक्टरनंच करू, ताई," कपिल म्हणाला. त्याने गोल उघडला आणि मला काही कळायच्या आत चंदेरी बाजू पायलच्या तोंडावर मारली. पायल अंगणात येऊन नुकती उभी राहिली होती. ती "आई गं" करून खाली बसली. डोळ्यांतून पाणी, काजळ गालावर.

"अरे, चंदेरी बाजू कोण मारते बाराच्या उन्हात? आरसा हाय का तो? पांढरी फिरव!"

"सांगतलं नाई तू."

"नऊ वर्षं झाले सांगून राह्यली!"

पायलच्या मैत्रिणी काजळ पुसायला धावल्या. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात रस्त्यावरून पूनमसिंगने पहिला हॉर्न वाजवला. खाणीकडे जाणारा एक ट्रक गेला आणि कोळशाची बारीक धूळ अंगणावरून फिरली. पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायांनी एकदम पदर तोंडावर घेतले. मला वाटलं, सामान भरावं आणि वणीला निघून जावं.

कांताबाई एवढा वेळ दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, "कसं कापड लागते बाई तुले?"

"पांढरं. पातळ. एकेरी. उजेड येईल, पण सरळ येणार नाही असं." मग मी वैतागून म्हटलं, "आता नसू दे कांताबाई. मांडवाचं गुलाबी आहे, सतरंजी जाड आहे. धोतर एक मामांचं आहे, ते सोडायला सांगू का?"

बाया हसल्या. पंजाबरावांनी नकळत धोतराचा सोगा घट्ट धरला.

कांताबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक घडी होती. सुती, पांढरं, आता थोडं पिवळट पडलेलं, काठाला बोटभर निळी पट्टी. मी त्या निळ्या काठाकडे बघितलं आणि मला कळलं. फोटोत दिसणारं पातळ. जे तेवढं दिसतं ते.

"हे चालन?"

"कांताबाई, हे नको. धूळ उडते, बांबूला फाटेल."

"पेटीत ठेवून तरी काय करतो मी त्याचं?" त्या म्हणाल्या. "धर."

मी घडी उलगडून हात वर केला. माझ्या हातावर मऊ, सारखा उजेड पडला. सत्तावीस वर्षं धुऊन, वापरून, मग जपून ठेवलेलं सूत, याहून चांगला पडदा मला नागपूरच्या दुकानातही मिळाला नसता. पिवळटपणाचं काही नव्हतं, उजेडात जरा ऊब येत होती एवढंच, ती मला हवीच होती.

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. पातळ मधोमध दुमडून दोन पट्टे शेजारी शेजारी घेतले, काठाला काठ लावून सेफ्टी पिना मारल्या. पिना बायांनी आपापल्या खांद्यांवरच्या काढून दिल्या. चार कोपऱ्यांना चार बांबू. धरायला माणसं चार हवीत. कपिल रिफ्लेक्टरला लागणार. संघदीप स्वतःहून पुढे आला, नवरदेवाचा हार बाजूला ठेवून. त्याचा एक मित्र आला. तिसरा बांबू मी पंजाबरावांच्या हातात दिला.

"मी?"

"तुम्ही. बर्फाची भरपाई."

चौथा बांबू धरू शकेल असा माणूस रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. मी सरळ बसपाशी गेले. "पूनमसिंग भाऊ, हॉर्न सोडा आणि हा बांबू धरा. जेवढ्या लवकर धराल तेवढ्या लवकर गाडी हालेल."

तो तोंडातल्या तोंडात त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. चांगलं नसावं. पण आला.

"मागचे दोन बांबू भिंतीला टेकवा," मी म्हटलं. हे महत्त्वाचं होतं. माणसं सावलीत आणि मागची भिंत उन्हात राहिली, तर चेहरे नीट आणताना भिंत फटक पांढरी होऊन जाते. कापड भिंतीला भिडलं तसं निळी भिंतही त्याच्याखाली आली. दार उघडं ठेवलं, आतला अंधार मागे राहिला. त्या अंधारापुढे पांढऱ्या साड्या उठून दिसणार होत्या, आणि चेहरेही.

मायलेकी दारासमोर उभ्या राहिल्या. वरून उजेड मऊ आला होता, पण अजून वरूनच येत होता. डोळे खोल दिसत होते. कपिलने रिफ्लेक्टरची पांढरी बाजू त्यांच्याकडे करून तो खाली, कापडाच्या सावलीच्या जरा बाहेर, उन्हात तिरका धरला. फार नाही पुरलं. मी इकडेतिकडे बघितलं. मांडवात 'मंगल परिणय' लिहिलेला थर्माकोलचा मोठा पत्रा होता. तो काढून आणला, अक्षरांची बाजू जमिनीकडे, कोरी पांढरी वर, आणि त्या दोघींच्या पायांपुढे उन्हात आडवा टाकला.

"अवो, मंगल परिणय उपडं टाकलं!" पंजाबराव बांबूसकट ओरडले.

"बांबू हलवू नका!"

थर्माकोलवरून उजेड वर उडाला आणि कांताबाईंच्या हनुवटीखालची काळी सावली विरघळली. नाकाखालची गेली. मग डोळे भरले. मी कॅमेऱ्यातून बघत होते. पन्नाशीची बाई, उन्हाने करपलेला रंग, कपाळावर बारीक आठ्या, डाव्या भुवईत एक जुना व्रण, आणि दोन स्पष्ट डोळे. हे सगळं तिथे होतंच. आतापर्यंत कुणी त्यावर नीट उजेड पडू दिला नव्हता.

एक अडचण राहिली होती. दोन पट्टे जोडले होते तिथे निळा काठ दुहेरी झाला होता, आणि त्याची एक फिकट रेघ बरोबर दोघींच्या मधून जमिनीपर्यंत उतरली होती. चेहऱ्यांवर नव्हती, म्हणून मी चालवून घेतलं. "डोळे मिटा दोघी. मी तीन म्हटलं की उघडा." उजेड किती घ्यायचा ते मी पायलच्या गालावरून मोजलं. एक चाचणी फोटो घेतला. साडीच्या खांद्यावर जास्त उजळलेला भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकत होता, तेवढा उजेड थोडा कमी केला. आता साडीच्या चुण्याही दिसत होत्या आणि चेहराही.

"एक. दोन."

तीन म्हणायच्या आधी कांताबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे करून पायलला स्वतःकडे ओढलं. रेघ पायलच्या खांद्यावर आली. सांगावं का, असं एक क्षण वाटलं. नाही सांगितलं. "तीन," मी म्हटलं, आणि दोघींनी डोळे उघडले.

मी नऊ फोटो घेतले. पहिलाच चांगला होता.

"झालं?" पूनमसिंग म्हणाला.

"झालं."

"मले दाखव," कांताबाई म्हणाल्या.

मी कॅमेरा घेऊन त्यांच्याजवळ गेले, पातळाखालीच. बाहेर उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही, नुसतं स्वतःचं तोंड दिसतं. इथे लख्ख दिसत होतं. मी पहिला फोटो मोठा केला. कांताबाईंनी आधी स्वतःकडे बघितलं, फार वेळ नाही, ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघावं तेवढंच. मग मी फोटो पायलच्या चेहऱ्यावर सरकवला.

त्या थबकल्या. त्यांनी बोट पुढे केलं आणि पायलच्या नाकावर, ओठांवर, हनुवटीवर आडवं धरलं, डोळे तेवढे मोकळे ठेवले.

"हे त्याइचे हाय," त्या म्हणाल्या.

पायलने त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "कोणाचे, आई?"

"तुह्या बाबाचे. असेच होते. त्या फोटोत काळे झाले न, म्हणून मले वाटे आता इसरूनच गेली मी." त्यांचं बोट पडद्यावरून हललं नाही. "तू रोज समोर होती अन् मले दिसलं नाई, पाह्य."

पायलने आईच्या पाठीला तोंड लावलं. मला रडू येत होतं आणि मला रडू येत असल्याचा राग येत होता, कारण काजळ पुन्हा गालावर येणार होतं आणि मैत्रिणी जेवायला गेल्या होत्या.

"मॅडम," पंजाबराव हळूच म्हणाले. त्यांचे दोन्ही हात वर होते, घाम कोपरावरून धोतरावर गळत होता. "हात भरून आले वो. खाली घेऊ का?"

समोरच्या कोपऱ्यावर पूनमसिंगने मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला मान वाकडी केली, पण बांबू सोडला नाही.

"नका घेऊ, मामा," मी म्हटलं. "ऊन आलं की त्यांना दिसणार नाही. त्यांचं बघून होऊ द्या."

पंजाबरावांनी बांबू थोडा आणखी वर केला.